कोवळा दुधी, कोवळा दोडका: नख मारण्याआधी काय बघायचं

रविवारी संध्याकाळी उशिरा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून चक्कर मारली, तर जवळजवळ प्रत्येक पाटीत दोन-तीन दुधी उरलेले दिसतात. त्यांच्या अंगावर तपकिरी चंद्रकोरी असतात, एकावर सात-आठ सुद्धा. दिवसभर आलेल्या प्रत्येकाने नख मारून बघितलं, कोवळाच आहे याची खात्री करून घेतली आणि शेजारचा विनाडागाचा दुधी उचलून नेला. म्हणजे दुधी नापास झालेला नसतो, परीक्षा देऊन देऊनच तो वाया गेलेला असतो.

आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी याच्यावरून रोज कुणाशी तरी भांडतात. "वैनी, नख नका की मारू. तुमी न्हाई घेटला तर मी कुणाला घालू त्यो?" त्यांचं खरं आहे. आणि फक्त त्यांचं नुकसान होतं म्हणून नाही. नख मारून जे कळतं ते अर्धवट असतं, कधी कधी उलटंच कळतं. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मीही नखच मारायचे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच महिन्यात हात धरला.

त्यांनी एक गोष्ट शिकवली, तिच्यावरच हा सगळा लेख उभा आहे. दुधी असो की दोडका, त्याला दोन वयं असतात. एक वेलावरचं वय, म्हणजे फूल गळल्यापासून तोडेपर्यंत किती दिवस गेले ते. दुसरं तोडल्यानंतरचं वय, म्हणजे पाटीत, टेम्पोत, दुकानात किती दिवस पडून आहे ते. वेलावरचं वय वाढलं की भाजी निबर होते: बी भरतं, धागा धरतो, साल राठ होते. तोडल्यानंतरचं वय वाढलं की भाजी शिळी होते: पाणी उडतं, साल चिवट होते, अंग मऊ पडतं. घरी या दोन्ही तक्रारींना आपण "जून निघाला" असं एकच नाव देतो. पण त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत आणि इलाजही वेगळे आहेत. शिळा पण कोवळा दोडका तासभर पाण्यात ठेवला तर बराच सुधारतो. ताजा पण निबर दोडका गंगेत बुडवला तरी निबरच राहतो.

नख इथेच फसवतं. कोवळ्या दुधीचं पाणी उडालं की साल कातड्यासारखी होते आणि नख सहज जात नाही. आपण तो निबर समजून सोडतो. उलट निबर दुधीला देठाजवळ, मानेत नख मारलं तर ते बऱ्यापैकी जातं, कारण मानेत बी फारसं नसतं. बी असतं खाली, पोटात.

दुधी: मानेला नाही, पोटाला विचारा

दुधीची रचना एकदा लक्षात घेतली की पुढचं सोपं जातं. देठाकडचा भाग, म्हणजे मान, जवळजवळ भरीव गराची असते. फुलाकडच्या भागात, म्हणजे पोटात, बिया रांगेने बसलेल्या असतात. लांब, दंडगोल जातीत हा फरक कमी दिसतो, तरी देठाकडची चार बोटं तिथेही बहुधा बिनबियांचीच निघतात. वय चढू लागलं की बदल पोटात आधी होतात आणि मान शेवटपर्यंत चांगली राहते. म्हणून दुधी हातात घेतल्यावर आधी पोट बघायचं.

फूल उमलल्यापासून साधारण १२ ते १५ दिवसांत दुधी तोडायला येतो. त्या वेळी तो आतून सगळा एकसारखा, घट्ट आणि पाणीदार असतो. वेलावर राहिला तर बियांभोवतीचा गर कापसासारखा सुटा होत जातो, मधे पोकळ्या पडतात आणि बियांची टरफलं घट्ट होतात. हे सगळं आत घडतं, पण त्याचा पत्ता बाहेर एका गोष्टीवरून लागतो, ती म्हणजे वजन. कोवळा दुधी आकाराच्या मानाने जड लागतो. साधारण एकाच लांबी-जाडीचे दोन दुधी दोन्ही हातांत घ्या. जो जड तो आतून भरलेला. हलका लागला तर आत कापूस झालाय, किंवा पाणी उडालंय.

त्यातलं कुठलं, ते देठ सांगतं. देठाचं कापलेलं तोंड हिरवट आणि ओलसर असेल तर दुधी ताजा आहे, मग हलकेपणाचा दोष निबरपणाचा. देठ वाळून तपकिरी झालं असेल, आक्रसलं असेल, तर तो तोडून दिवस झालेत आणि हलकेपणा नुसत्या पाणी उडण्याने सुद्धा आलेला असू शकतो. अशा वेळी बोटाच्या पेराने, नखाने नाही, पोटावर हलकं दाबून बघा. शिळा दुधी किंचित दबतो, त्याच्या अंगात ढिलेपणा असतो. निबर दुधी दबत नाही, लाकडासारखा कडक लागतो. कोवळा-ताजा दुधीही टणक असतो, पण त्याचा टणकपणा भरलेल्या पाण्याच्या पिशवीसारखा असतो. बोटांना हे दोन-चार वेळा करून बघितल्यावर कळायला लागतं, लिहून फारसं कळत नाही.

टिचकी मारून बघायची आणखी एक पद्धत आहे. भरीव दुधीचा आवाज बसका येतो, कापूस झालेल्याचा पोकळ. बाजाराच्या गलक्यात मला तो नीट ऐकू येत नाही, म्हणून मी वजनावरच जाते.

सालीबद्दल दोन गोष्टी. अगदी कोवळ्या दुधीवर बारीक लव असते, बोट फिरवलं की मखमलीसारखी लागते. ती देठाजवळ जास्त टिकते. पण चार हातांतून गेलेल्या दुधीची लव पुसलेली असते, त्यामुळे लव असली तर कोवळा नक्की, नसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट रंग. पांढरट पडत चाललेली, गुळगुळीत, मेणासारखी साल वय झाल्याची खूण आहे, पण जातीजातीत मुळातच हिरवेपणा कमी-जास्त असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'सम्राट' नावाची लांब, दंडगोल जात आहे. तिचा दुधी आणि गोल पोटाचा गावठी दुधी यांचे रंग आणि लांब्या एकमेकांशी लावून काही निष्पन्न होत नाही. रंग बघायचा तर एकाच ढिगातल्या दुधींची आपसात तुलना करायची.

लहान म्हणजे कोवळा, हा समज तर सोडूनच द्या. वेल थकला, पाणी कमी पडलं की फळ वाढत नाही, पण आतलं बी आपल्या वेळेला भरतच राहतं. हंगामाच्या शेवटी येणारे वीतभर दुधी पुष्कळदा असे म्हातारेच असतात. हातभर लांबीचा, एकसारख्या जाडीचा, जड दुधी त्याहून कोवळा निघतो.

आकार वेडावाकडा असेल तर त्याचाही अर्थ लावता येतो. मधे चिमटलेला आणि खाली फुगलेला दुधी म्हणजे परागीभवन नीट झालेलं नाही, बी जिथे धरलं तिथेच फुगला. भाजीला तो चालतो, पण फुगीर भागातलं बी आधी भरतं, त्यामुळे तिथे काढून टाकावं लागेल हे धरून चाला. मात्र सालीवर बारीक भोक, भोवती खोलगट डाग आणि वर चिकट थेंब दिसला तर तो दुधी ठेवून द्या. ती फळमाशीची खूण आहे, आत अळी असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात हे फार दिसतं, दुधीत आणि दोडक्यातही. नुसत्या ओरखड्यावर सुकलेला डिंकासारखा थेंब मात्र घाबरण्यासारखा नाही. ताज्या दुधीला खरचटलं की रस येतो आणि तो तसाच सुकतो. भोक आहे की ओरखडा, एवढंच बघायचं.

दोडका: शिरा आडव्या दाबा

दोडक्याला घाई असते. फूल उमलल्यापासून साधारण आठवड्याभरातच तो खायच्या अवस्थेत येतो आणि त्यानंतर दोन-तीन दिवस वेलावर राहिला तरी फरक पडतो. शेतकऱ्याने एक तोडा चुकवला की पुढच्या तोड्यात निबर दोडके मिसळून येतात. म्हणून एकाच पाटीतले सगळे दोडके एका वयाचे नसतात. दुधीचा ढीग बघून एक उचलला तर चालतं, दोडका मात्र एकेक हातात घेऊनच निवडावा लागतो. मावशींनी "सगळं कवळं लोण्यागत हाय, घ्या की बिनघोर" असं म्हटलं तरी.

दोडक्यावर लांबीने दहा शिरा असतात. मोजून बघा, मुलांना हा खेळ आवडतो. वयाची सगळी हकीकत या शिरांत आणि त्यांच्यामधल्या खोबणीत लिहिलेली असते. अंगठ्याने एक शीर आडवी दाबा, म्हणजे धारेवरून सरळ न फिरवता बाजूने ढकलल्यासारखी. कोवळ्या दोडक्याची शीर वाकते, दबते आणि परत उभी राहते. मधल्या वयाच्या दोडक्याची जरा प्रतिकार करते. निबर दोडक्याची शीर हलत नाही, बोटाला टोचते आणि तिच्या काठाला वाळक्या गवतासारखा पिवळसर रंग आलेला असतो. या परीक्षेत भाजीचं काही बिघडत नाही, मावशीही काही बोलत नाहीत.

मग खोबणी बघा. दोडका जाडीने वाढतो तेव्हा शिरांची संख्या वाढत नाही, त्यांच्यामधलं अंतर वाढतं. शिरा जवळजवळ, खोबणी अरुंद आणि हिरवीगार असेल तर वय कमी. खोबणी रुंद, सपाट आणि फिकट झाली असेल तर आत बी भरायला लागलंय.

आता वाकवण्याबद्दल. पुष्कळजण दोडका वाकवून बघतात आणि वाकला की कोवळा म्हणतात. इथे पुन्हा ती दोन वयं आडवी येतात. कोवळा-ताजा दोडका थोडा वाकतो आणि सोडल्यावर सरळ होतो. शिळा दोडका जास्त वाकतो आणि वाकलेलाच राहतो. निबर दोडका वाकतच नाही. म्हणजे वाकतो का यापेक्षा परत येतो का हे बघायला हवं. शिळ्या दोडक्याच्या शिराही मऊ पडतात आणि अंगठ्याच्या परीक्षेत तो कोवळा म्हणून पास होतो, म्हणून दोन्ही परीक्षा एकत्र करायच्या. टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं असेल तर उत्तमच. ते फूल दोन बोटं हलवली तरी गळतं, त्यामुळे ते टिकलंय याचा अर्थ दोडका कोवळा तर आहेच, शिवाय फारसा हाताळलेलाही नाही.

जाडी कुठे आहे तेही बघा. दोडका देठाकडे निमुळता आणि फुलाकडे जाड असतो. बी मुख्यतः त्या जाड अर्ध्यात. देठाकडे निमुळत्या होत गेलेल्या, पण जाडसर टोकाशीही शिरा मऊ असलेल्या दोडक्यावर निर्धास्त हात टाका.

आधी चव, मग साल

घरी आल्यावर धुऊन, पुसून, दोन्ही टोकं कापायची आणि प्रत्येक टोकाकडून वालाएवढा तुकडा जिभेला लावायचा. हे दुधीला तर केलंच पाहिजे. काकडीवर्गातल्या सगळ्या वेलींत एक कडू द्रव्य असतं, लागवडीच्या जातींत ते जवळपास नाहीसं झालेलं असतं, पण एखाद्या फळात उतरतं. बाहेरून ते ओळखता येत नाही, कोवळेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, रक्तदाब उतरणं इथपर्यंत मजल जाते, माणसं दगावलेलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने यावर अभ्यास करून सांगितलं आहे: रस काढण्याआधी चव बघा, कडू लागला तर टाकून द्या. टोक घासून फेस काढला, मीठ लावलं, शिजवला, तरी त्यावर भरवसा ठेवू नये. दोडकाही कडू निघाला तर पूर्ण टाकायचा, कडू भाग काढून उरलेला वापरायचा नाही. आणि चुकून कडू दुधीचा रस पोटात गेलाच आणि मळमळायला लागलं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

चव गोड किंवा निव्वळ पाणीदार लागली की सोलायला घ्या.

शिरा काढणं

दोडका पूर्ण सोलायची सवय असेल तर ती सोडा. नुसता पांढरा गर शिजला की त्याचा लगदा होतो, तुकडा राहत नाही, भाजीला पाणी सुटतं. खोबणीतली हिरवी साल तुकडा धरून ठेवते. काढायच्या फक्त शिरा.

दोडका देठाकडून डाव्या हातात धरायचा, टोक ताटात टेकवायचं. सोलाणं शिरेच्या काठावर ठेवून देठापासून टोकाकडे एका लांब ओढीत आणायचं. दाबायचं नाही. पहिल्या ओढीला शिरेची नुसती धार निघते. कोवळ्या दोडक्याला एवढंच पुरतं, दहा शिरांच्या दहा ओढी आणि काम संपलं. मधल्या वयाच्या दोडक्याला त्याच शिरेवर दुसरी ओढ मारावी लागते, म्हणजे शीर खोबणीच्या पातळीला येते. तिसरी ओढ मारावीशी वाटली तर थांबा आणि खोबणीत नख टेकवून बघा. आता दोडका आपलाच आहे, नखाला मुभा. नख सहज उतरलं तर साल राहू द्या. घसरलं तर तो दोडका पूर्ण सोलावा लागणार, आणि त्याच्या आतल्या बियांचीही नीट तपासणी करावी लागणार.

आत्याबाई अजून विळीवरच शिरा काढतात. विळीच्या पात्यावर दोडका फिरवत नेतात, पातं स्थिर आणि दोडका चालता. त्यांच्या शिरा माझ्यापेक्षा बारीक निघतात, हे कबूल करते. सुरीने काढणाऱ्यांनी मात्र एक करावं: सुरी आपल्याकडे न ओढता अंगापासून दूर न्यावी आणि जवळपास आडवी धरावी. उभी धरली की खोबणीत घुसते आणि गर सोलला जातो.

निघालेल्या शिरा टाकायच्या नाहीत, पण सगळ्याच ठेवायच्या असंही नाही. एक शीर कच्चीच चावून बघा. चावता चावता नाहीशी झाली तर चटणीच्या. दातात दोरा उरला तर कितीही तळली तरी तो दोरा राहणार, त्या बाहेर. कोवळ्या शिरा थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईतो परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि आपली कांदा-लसूण चटणी. कांदा-लसूण चटणी गॅस बंद केल्यावर घालायची, नाहीतर ती जळते आणि दोष शिरांवर येतो.

दुधीची साल एकसारखी, पातळ काढायची. फार कोवळ्या दुधीला सुरीच्या पाठीने खरवडलं तरी पुरतं. चिरलेला दुधी उघडा राहिला की काळवंडतो, म्हणून लगेच पाण्यात टाकायचा.

बी किती भरलंय

दुधी उभा चिरा, आडव्या चकत्या करण्याआधी. उभा चिरला की मान ते पोट असा सगळा प्रवास एका नजरेत दिसतो आणि कुठपर्यंत बी ठेवायचं ते ठरवता येतं. कोवळ्या दुधीत बिया शोधाव्या लागतात. त्या गराच्याच रंगाच्या, चपट्या, अर्धपारदर्शक असतात. एक बी काढून दोन नखांत दाबा. चिरडून पाणी आलं तर बियांसकट भाजी करा, काहीही काढायची गरज नाही.

पुढच्या टप्प्यात बी पांढरंच दिसतं, म्हणून इथे फसायला होतं. पण नखांत दाबलं की ते चिरडत नाही, निसटतं. चावलं तर पातळ टरफल दाताला लागतं. बियांच्या कडा आधी घट्ट होतात, मधला भाग नंतर. या वेळी भोवतालचा गरही किंचित भुसभुशीत झालेला असतो. असा दुधी फेकायचा नाही. चमच्याने मधला बियांचा पट्टा काढायचा आणि कडेचा घट्ट गर वापरायचा. चणाडाळ घालून केलेल्या भाजीत, थालीपिठात, हलव्यात त्याचं वय कुणाला कळत नाही. उलट हलव्याला मला हाच बरा वाटतो, कोवळ्या दुधीला पाणी फार सुटतं आणि आटवता आटवता हात दुखतो. कीस करताना मात्र पोटाचा कापूस किसणीवर येऊ देऊ नका.

तिसऱ्या टप्प्यात बी बदामी रंगावर जातं, टरफल टणक होतं आणि गराला कापसासारखी जाळी पडते. अशा दुधीची मानच तेवढी खायची.

दोडक्यात गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे बियांपेक्षा धागा जास्त त्रास देतो. दोडक्याच्या गरातून पाणी नेणाऱ्या वाहिन्यांचं जाळं असतं. कोवळेपणी ते मऊ असतं आणि कळत नाही. बी भरू लागलं की हे धागे लाकडासारखे कडक होऊ लागतात, आणि शेवटी दोडका वेलावर वाळला की त्याची अंघोळीची घासणी होते. म्हणून दोडक्यातलं बी हे नुसतं बी नाही, ते धाग्याचं घड्याळ आहे. बी पांढरं आणि सुरीखाली आवाज न करता कापलं गेलं, तर धागा नाही. बी पांढरं पण सुरीला अडलं, कट्ट असा आवाज आला, तर धागा सुरू झालाय. तो भाग बारीक चिरून, बी काढून, डाळीत खपवता येतो. बीवर तपकिरी छटा दिसली की त्याच्या आसपासचा गर शिजणार नाही हे धरून चाला. काळं बी म्हणजे बियाण्याच्या वाटेवर निघालेला दोडका.

चकती उजेडात धरून बघण्याची सोपी युक्ती आहे. पाव इंचाची चकती खिडकीसमोर धरली की कोवळ्या दोडक्यात एकसारखा उजेड दिसतो, धागा धरलेल्यात बियांच्या घरांभोवती पांढऱ्या रेघा उठून दिसतात. चकती दोन्ही हातांनी ओढून तोडा. कोवळी कट्कन तुटते. धाग्याची चकती तुटताना कडेला तंतू लोंबतात.

गेल्या श्रावणातला एक रविवार

हे सगळं एकत्र कसं होतं ते सांगते. मावशींच्या पाटीत तीन दुधी होते. पहिला वीतभराचा, दिसायला गोंडस, पण हातात हलका आणि देठ हिरवं. दुसरा लांब, जड, देठाला ओल, पोटाकडे किंचित जाड. तिसरा मधला, खाली फुगलेला, सालीला पांढरट झाक. पहिला हलका असून देठ ताजं, म्हणजे दोष वेलावरचा. ठेवला. तिसऱ्याचं पोट दाबलं तर लाकूड. ठेवला. दुसरा घेतला, १ किलो १०० ग्रॅम भरला. मावशी म्हणाल्या, "चार माणसांना एवढा कशाला, ल्हान घ्या की." लहानाचं काय झालंय ते त्यांनाही ठाऊक होतं, बहुतेक.

दोडके अर्धा किलो सांगितले. तीन मी निवडले: शिरा वाकणाऱ्या, खोबणी अरुंद, एकाच्या टोकाला फूल. काट्याला थोडं कमी पडलं म्हणून मावशींनी चौथा स्वतःच्या हाताने टाकला आणि मी बोलण्यात होते, बघितलं नाही.

घरी दुधी चवीला निर्मळ लागला. उभा चिरला. वरचे दोन भाग एकसंध, खालच्या तिसऱ्या भागात बी नखांत निसटणारं. म्हणजे पोटाकडची ती किंचित जाडी खरं बोलत होती. खालचा पट्टा चमच्याने काढला, सालीसकट साधारण २०० ग्रॅम गेलं, ९०० उरलं. त्यातलं निम्मं डाळीत, निम्मं दुसऱ्या दिवशी थालीपिठाला, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

तीन दोडक्यांच्या शिरा एकेका ओढीत निघाल्या. चौथ्याला दोन ओढी मारूनही शिरेचं खोड राहिलं आणि खोबणीत नख घसरलं. पूर्ण सोलला, मधोमध कापला. देठाकडच्या अर्ध्यात बी पांढरं, सुरी न अडता गेली. फुलाकडच्या अर्ध्यात बी तपकिरी आणि चकती ओढली तर तंतू लोंबले. मी तो अर्धा बारीक चिरून आमटीत टाकणार होते. आत्याबाईंनी ताटातून उचलला, त्या तपकिरी बीवर नख टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता शेजारच्या गवळ्याच्या म्हशीच्या पाटीत नेऊन टाकला. वरचा अर्धा भाजीत गेला. शिरा तीन दोडक्यांच्याच परतल्या, चौथ्याच्या त्याच पाटीत.